धागा: मॉनिटरवर फोटो उजळ, प्रिंट काळपट, मोबाईलवर भडक. घरच्या घरी मॉनिटरचा रंग कसा जुळवायचा?

कासची_वाट (सातारा)

नमस्कार मंडळी. कासच्या पठारावर तेरडा फुललेला असताना काढलेले काही फोटो मोठे करून घरात लावायचे आहेत. नवीन २४ इंची आयपीएस मॉनिटर घेतलाय, रॉ फाइलवर त्याच्यावरच काम करते, बहुतेक रात्री जेवणं झाल्यावर. मॉनिटरवर फोटो अगदी मनासारखा दिसतो. पण साताऱ्यातल्याच एका लॅबमधून १२ बाय १८ची प्रिंट काढून आणली तर पुढच्या कातळाचा सगळा पोत काळ्यात बुडालेला, आणि फुलांचा गुलाबीही विटल्यासारखा. तोच फोटो माझ्या मोबाईलवर पाहिला तर गुलाबी इतका भडक की रंगपंचमी वाटावी. जुन्या लॅपटॉपवर तोच फोटो फिका. एकच फाइल आणि चार ठिकाणी चार रंग. यातला खरा कुठला धरायचा आणि मॉनिटर त्याला जुळवायचा कसा? रंग मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, लगेच घेणंही शक्य नाही.

विट्याचा_गडी

ताई, काडतूस बदला आधी. माझा इंकजेट पण असाच काळपट छापत होता, शाई वाळली होती. हेड क्लीन केलं आणि लय भारी छापायला लागला.

कासची_वाट

दादा, प्रिंटर घरचा नाही, लॅबमधून फोटो पेपरवर काढलीय. तिथे इतरांचे फोटो व्यवस्थित निघताना मी स्वतः पाहिलेत.

माहुलीकर

दोन गोष्टी करा. विंडोजमधलं Night light बंद करा, ते चालू असेल तर सगळा पडदा पिवळसर होतो आणि तुम्ही नकळत फोटो निळा करत जाता. मग स्टार्टमध्ये `dccw` टाइप करा. विंडोजचं स्वतःचं कॅलिब्रेशन उघडतं, ते सांगेल तसे गोळे आणि पट्टे डोळ्यांनी जुळवत जा. शेवटी तुमच्या मॉनिटरच्या मॉडेलचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्याच्या रंगांची नोंद असलेली फाइल, नेटवर शोधा. कुणीतरी यंत्राने काढून टाकलेलं असतंच, ते `colorcpl` मध्ये जाऊन बसवा. मॉनिटर कॅलिब्रेट झाला. पैसे शून्य.

छापखाना_मिरज

माहुलीकर, Night light बद्दल बरोबर सांगितलंत. बाकीच्याकडे नंतर येतो. ताईंचा मुख्य प्रश्न रंगाचा नाही, उजेडाचा आहे, आणि तो आधी सुटल्याशिवाय रंगाला हात लावण्यात अर्थ नाही.

ऑफसेटच्या प्रीप्रेसमध्ये माझं आयुष्य गेलं. "स्क्रीनवर छान होतं, छापल्यावर काळं झालं" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मॉनिटर गरजेपेक्षा दुपटीने प्रखर असायचा. दुकानात शेजारच्या मॉनिटरपेक्षा उठून दिसावा म्हणून कारखान्यातून तो प्रखर करूनच पाठवतात, निट्स या उजेडाच्या मापात साधारण २५० च्या पुढे. फोटोच्या कामाला, घरातल्या मध्यम उजेडात, ८० ते १२० निट्स लागतात. पांढरा इतका तळपत असला की डोळ्याला सगळा फोटो उजळ वाटतो, म्हणून तुम्ही एक्सपोजरचा स्लायडर खाली ओढता. मॉनिटरवर तरीही सावल्या दिसत राहतात, कारण मागून दिवा जळतोय. कागदाच्या मागे दिवा नाही. फाइलमध्ये कातळाला जे आकडे उरले असतील तेवढंच लॅबचं मशीन छापणार.

ताई, तीन गोष्टी सांगा. मॉनिटरच्या मेनूत ब्राइटनेस कितीवर आहे? काम करताना खोलीत दिवा कुठला असतो? आणि लॅबला दिलेल्या जेपीजीवर उजवं क्लिक करून Properties, मग Details मध्ये Color representation समोर काय लिहिलंय?

कासची_वाट

काका, ब्राइटनेस ८० वर आहे, आला तसाच. दिवा बंदच असतो, फक्त बाहेरच्या खोलीतला उजेड आत येतो. Color representation समोर Uncalibrated असं लिहिलंय. म्हणजे मॉनिटर कॅलिब्रेट नाही म्हणून का?

छापखाना_मिरज

नाही, त्या शब्दाचा मॉनिटरशी काही संबंध नाही. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत असती तर तिथे sRGB लिहून आलं असतं. Uncalibrated येतं म्हणजे बहुधा तुम्ही अडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या पद्धतीत एक्सपोर्ट केलीय. तुमचा विटलेला गुलाबी तिथूनच आला असणार. त्याबद्दल खाली लिहितो, आधी उजेड मोजू.

यंत्र नाही म्हणालात, पण कॅमेरा आहे ना? त्याचा मीटर उजेडच मोजतो. मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या, गार मॉनिटरचा उजेड स्थिर नसतो. पूर्ण पडदा पांढरा करा, ब्राउझरचं कोरं पान फुल स्क्रीन केलं तरी चालेल. खोली अंधारी करा. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, आयएसओ १००, अॅपर्चर एफ/४. इतक्या जवळ या की फ्रेममध्ये पांढऱ्याशिवाय काही नको. फोकस मुद्दाम घालवा, नाहीतर पडद्याचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके मिळून जाळी दिसते. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन शून्यावर आहे ना तेही बघा. आता मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत शटर फिरवा. शटरच्या खालच्या आकड्याची दुप्पट म्हणजे निट्स. १/५० आला तर १००, १/१२५ आला तर २५०. लेन्स एफ/४ पर्यंत उघडत नसेल तर एफ/५.६ लावा आणि दुपटीऐवजी चौपट करा.

हा काही जादूचा आकडा नाही. मीटरचं जे सूत्र आहे त्यात १२.५ हा स्थिरांक घेतला की हा हिशोब निघतो. कॅमेऱ्याचा मीटर एक तृतीयांश स्टॉप इकडे तिकडे असू शकतो, त्यामुळे तुमचे १०० हे खरे ८० किंवा १२५ असू शकतात. आपल्या कामाला ते पुरेसं आहे. २५० आणि १०० मधला फरक या चुकीत लपत नाही.

कराडकर

काकांच्या पद्धतीला माझा दुजोरा. माझ्याकडे कलरीमीटर आहे, त्याच्याशी ताडून पाहिलंय. कॅमेऱ्याने १०० म्हटलं तेव्हा यंत्राने १०० च्या जवळचाच आकडा दिला. फक्त मेनूतलं Dynamic Contrast आधी बंद करा. ते चालू असेल तर पूर्ण पांढऱ्या पडद्याला मॉनिटर आपणहून उजेड बदलतो आणि तुमचं मोजमाप फसतं. Low Blue Light किंवा तसलं डोळे जपणारं काही असेल तर तेही बंद.

कासची_वाट

आत्ताच मोजलं. Dynamic Contrast चालूच होतं, ते बंद केलं. एफ/४ ला काटा मध्यावर आला १/१२५ ला. म्हणजे २५०, काका म्हणाले तस्साच. मग ब्राइटनेस कमी करत करत १/५० पर्यंत आणला, मेनूतला आकडा आला २४. पडदा एकदम मंद, मळकट वाटतोय. हे बरोबर आहे का? यावर काम कसं करायचं?

छापखाना_मिरज

बरोबर आहे. बाहेरच्या खोलीतला दिवा सोडून तुमच्या खोलीतला लावा, पडद्यावर थेट पडणार नाही असा, आणि पाच मिनिटं दुसरं काही करा. डोळा जुळवून घेतो. मग फोटो पेपरचा किंवा झेरॉक्सचा कोरा कागद पडद्याशेजारी धरा. कागद आणि पडद्यावरचा पांढरा साधारण सारख्या उजेडाचे वाटले पाहिजेत. पडदा कंदिलासारखा वाटला तर अजून प्रखर आहे, कागदापुढे राखाडी वाटला तर फार मंद झाला किंवा खोलीतला उजेड जास्त आहे.

आणि रोज त्याच उजेडात बसा. दिवसा खिडकी उघडी आणि रात्री दिवा बंद असं केलंत तर मॉनिटर एकच असून तुमचा निवाडा दोन प्रकारचा होणार.

आता तोच कासचा फोटो उघडा आणि काहीही न बदलता हिस्टोग्राम बघा. हिस्टोग्राम फाइलमधले आकडे दाखवतो, मॉनिटर प्रखर असो वा मंद, त्याला फरक पडत नाही.

कासची_वाट

पाहिलं. सगळा डोंगर डावीकडे लोटलेला आहे, उजवीकडचा जवळजवळ एक तृतीयांश भाग मोकळा. कातळावर कर्सर नेला तर आकडे १२, १५, १८ असे. आणि आता पडद्यावरही तो कातळ काळाच दिसतोय, प्रिंटमध्ये आला तसा!

छापखाना_मिरज

झालं. मॉनिटर आता तुम्हाला प्रिंटसारखं दाखवायला लागला. कातळ १५ वर असेल तर फोटो पेपरवर तो काळाच येणार, लॅबचा त्यात दोष नाही. आता या पडद्यावर बघत एक्सपोजर आणि सावल्या उचला. २५० आणि १०० मध्ये सव्वा स्टॉपच्या वर फरक आहे, पण तेवढं उचलू नका. डोळ्याने तेव्हाही थोडं जुळवून घेतलेलंच होतं. अर्धा-पाऊण स्टॉप पुरेल असा माझा अंदाज. उजवीकडे फुलांचे उजळ भाग जळत नाहीत एवढं बघा.

आता एक्सपोर्ट. अडोबी आरजीबीमध्ये हिरवे आणि निळसर हिरवे रंग एसआरजीबीपेक्षा लांबवर पोहोचतात, म्हणून तोच गुलाबी तिथे लहान आकड्यांनी लिहिला जातो. वाचणाऱ्याला "ही फाइल अडोबी आरजीबीची आहे" हे कळलं तर काही बिघडत नाही. पण लॅबच्या मशीनने ते न बघता आकडे एसआरजीबीचे समजून छापले की सगळा फोटो फिका पडतो. लॅबने स्वतःहून दुसरं काही मागितलं नसेल तर एसआरजीबीच द्या आणि फाइलमध्ये प्रोफाइल जोडलेलं असू द्या. लॅबवाल्याला सांगा की ऑटो करेक्शन लावू नका. नाहीतर तुम्ही इकडे उचललेलं मशीन तिकडे पुन्हा स्वतःच्या मनाने फिरवेल आणि चूक कुणाची तेच कळणार नाही. मोठी प्रिंट लगेच काढू नका. ४ बाय ६ मध्ये जुनी आणि नवी, दोन्ही काढून आणा.

हळदवाली_सांगली

हे वाचून मला माझाच प्रश्न विचारावासा वाटतो. आम्ही घरची हळद दळून पाकिटं ऑनलाइन विकतो. फोटो मी स्वतः काढते. माझ्या कॉम्प्युटरवर हळद हळदीसारखी दिसते, पण गिऱ्हाईक म्हणतं "फोटोत केशरी होती, आली ती पिवळी". दुसरं म्हणतं अगदी उलट. मीही मॉनिटर १०० निट्सवर आणला तर हे थांबेल का?

कराडकर

ताई, तुमचा मॉनिटर नीट केल्याने तुमच्या बाजूची चूक जाईल, गिऱ्हाइकाच्या मोबाईलची नाही. बऱ्याच मोबाईलमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये Vivid आणि Natural असे दोन मोड असतात, काहींत नावं वेगळी असतात. Vivid मध्ये पडदा फाइलमधला रंग आहे तसा न दाखवता आपल्याला जमेल तेवढा ताणून दाखवतो. लाल, केशरी आणि गुलाबीही त्यात ताणले जातात. हळद केशरी दिसते ती अशीच. कासची_वाट ताईंचा भडक गुलाबीही तोच. मोबाईल Natural वर टाकून तोच फोटो पुन्हा बघा. लॅपटॉपचं बरोबर उलटं असतं. स्वस्त लॅपटॉपचा पडदा एसआरजीबीतले सगळे रंग दाखवूच शकत नाही, साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत पोहोचतो. जो रंग त्या पडद्यात नाहीच तो कुठल्याही कॅलिब्रेशनने येत नाही.

छापखाना_मिरज

हळदीचा अजून एक प्रश्न आहे, तो मॉनिटरच्या आधीचा. हळद इतकी गडद पिवळी असते की फोटोत तिचा निळा चॅनल शून्यावर जाऊन आपटतो. तुमच्या फोटोत हळदीच्या ढिगावर कर्सर न्या आणि तीन आकडे वाचा. लाल २३५, हिरवा १६५, निळा ०, आणि चार ठिकाणी निळा ०च येत असेल, तर त्या भागातला दाणेदारपणा बराचसा गेलेला आहे. सगळ्या पडद्यांवर तो एकसारखा रंग फासल्यासारखा दिसणार आणि भडक मोबाईलवर केशरी डबकं होणार. सगळ्या फोटोचं नाही, फक्त पिवळ्या आणि केशरीचं सॅच्युरेशन इतकं खाली आणा की निळ्याला १५-२० तरी आकडा मिळेल. थोडी फिकी वाटेल, पण दाणा दिसेल. आणि फोटो काढताना ढिगाशेजारी एक राखाडी कार्ड ठेवून पहिला फोटो घ्या, व्हाइट बॅलन्स त्याच्यावरून लावा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र मात्र नको.

हळदवाली_सांगली

आकडे पाहिले काका. निळा सगळीकडे शून्यच आहे. आणि मी वरून व्हायब्रन्स वाढवत होते, "आपली हळद उठून दिसली पाहिजे" म्हणून. आता राखाडी कार्ड आणते.

माहुलीकर

काका, माझ्या उत्तराचं काय? `dccw` आणि नेटवरचं प्रोफाइल यात नक्की चुकतं कुठे? मी स्वतः तसंच केलंय आणि फोटो छान दिसतात.

छापखाना_मिरज

सांगतो. हळदवाली ताई आहेत म्हणून बाजार समितीतल्या काट्याचं उदाहरण घेऊ. रिकामा काटा शून्यावर आणणं ही एक गोष्ट. एवढं करूनही काटा पन्नास किलोला दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो, असं तपासून त्याची चिठ्ठी काट्याशेजारी चिकटवणं ही दुसरी. पहिलं म्हणजे कॅलिब्रेशन, चिठ्ठी म्हणजे प्रोफाइल. फोटो एडिटर आणि आजचे मोठे ब्राउझर ही चिठ्ठी वाचतात आणि तेवढी दुरुस्ती करून रंग दाखवतात. डेस्कटॉपचा वॉलपेपर आणि बरेच साधे फोटो व्ह्यूअर चिठ्ठीकडे बघतच नाहीत. म्हणून एकाच मॉनिटरवर एकच फोटो दोन प्रोग्राममध्ये वेगळा दिसू शकतो.

आता नेटवरचं प्रोफाइल म्हणजे त्याच कंपनीच्या दुसऱ्या काट्याची चिठ्ठी. मॉडेल तेच असलं तरी पॅनेल एकामागून एक थोडे वेगळे निघतात, ज्याने मोजलं त्याचा ब्राइटनेस आणि कलर मोड वेगळा असतो, आणि दिवा वयाबरोबर बदलत जातो. कधी फायदा होईल, कधी आधीपेक्षा बिघडेल, आणि यंत्र असल्याशिवाय यातलं काय झालं ते तुम्हाला कळणार नाही.

`dccw` मध्ये गॅमाचा जो ठिपका जुळवायचा असतो तो जुन्या टीएन पॅनेलच्या लॅपटॉपवर मान दोन इंच खाली-वर केली तरी बदलतो. आणि शेवटी लाल-हिरवा-निळा डोळ्यांनी जुळवायला लावतात, तिथे तर डोळा अजिबात भरवशाचा नाही. पिवळ्या दिव्याखाली बसलात की पाच मिनिटांत तोच पांढरा वाटायला लागतो. त्या साधनातला काळ्या-पांढऱ्याची टोकं तपासण्याचा भाग तेवढा कामाचा आहे.

माहुलीकर

पटलं. मग यंत्र नसलेल्याने रंगाचं करायचं तरी काय?

छापखाना_मिरज

मॉनिटरच्या मेनूत sRGB नावाचा मोड असेल तर तो लावा. नसेल तर कलर टेम्परेचर ६५०० के, किंवा कारखान्याचा जो मधला पर्याय असेल तो. वेगवेगळे लाल-हिरवा-निळ्याचे आकडे हाताने फिरवू नका. sRGB मोडमध्ये काही मॉनिटर ब्राइटनेस बदलू देत नाहीत. तसं असेल आणि तो २५० वर अडकला असेल, तर तो मोड सोडून ६५०० के घ्या. उजेड बरोबर असणं जास्त मोलाचं.

मग एडिटरमध्ये एक पट्टी बनवा. शेजारी शेजारी चौकोन, राखाडीचे, ०, ५, १०, १५, २० असे, मध्ये काही मध्यम राखाडी, आणि दुसऱ्या टोकाला २३५, २४०, २४५, २५०, २५५. खोली कामाच्या वेळी असते तशीच ठेवा. ५ चा चौकोन ० पासून जेमतेम वेगळा आणि १० स्पष्ट वेगळा दिसला पाहिजे. वरच्या टोकाला २५० आणि २५५ मधली कड दिसली पाहिजे. मधले राखाडी चौकोन नुसते राखाडी दिसतात का, की एखाद्यात हिरवट-गुलाबी छटा आहे, तेही बघा. छटा असेल तर ती डोळ्याने काढायच्या मागे लागू नका, नोंद करून ठेवा. यंत्र मिळेल तेव्हा तेच बघायचं.

विट्याचा_गडी

आता मी ही पट्टी बनवून बघितली. मी मॉनिटर म्हणून ३२ इंची टीव्ही वापरतो, एचडीएमआयने जोडलाय. माझ्याकडं ०, ५, १०, १५ चारी चौकोन एकच काळे. २० चा कुठं तरी जरासा दिसतोय. पांढऱ्याकडं पण २३५ च्या पुढं सगळं सपाट. टीव्ही खराब झाला का?

कराडकर

टीव्ही चांगलाय दादा. टीव्हीच्या जगात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, कॉम्प्युटर ० ते २५५ पाठवतोय. टीव्ही १६ च्या खालचं सगळं काळं आणि २३५ च्या वरचं सगळं पांढरं करतोय, म्हणून तुमच्या चौकोनांची दोन्ही टोकं बरोबर तिथेच कापली गेलीत. टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय इनपुटचं नाव किंवा प्रकार PC करता येतो का बघा, किंवा HDMI Black Level असं काही आहे का ते. तिथे नाही मिळालं आणि एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये Output dynamic range ला Limited करा. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर उलटं होऊन काळा राखाडी दिसायला लागेल. एक बदला, पट्टी बघा.

विट्याचा_गडी

इनपुटला PC केलं आणि ५ चा चौकोन पण दिसायला लागला. लय उपकार. म्हणजे मी लग्नाचे फोटो एवढे दिवस सावल्या न दिसताच एडिट करत होतो.

कासची_वाट

प्रिंट आल्या! ४ बाय ६, जुनी आणि नवी शेजारी शेजारी ठेवून बघतेय. नवीमध्ये एक्सपोजर पाऊण स्टॉपच्या जरा कमीच उचललं होतं, सावल्याही उचलल्या, कातळाचे आकडे आता ३५ ते ५० मध्ये आहेत. कातळावरची शेवाळाची पुटं, त्यातली भेग, सगळं दिसतंय. गुलाबीही परत आला. लॅबवाले दादा ऑटो करेक्शन काढायला लगेच तयार झाले, म्हणाले सांगितलं नाही तर आम्ही लावतोच. मोबाईल Natural वर टाकला तर तोही मॉनिटरच्या बराच जवळ आला.

पण एक उरलंय. त्याच दिवशी सीतेची आसवं काढली होती, ती निळसर जांभळी बारकी फुलं. पठारावर डोळ्याला जेवढी जांभळी दिसली होती तेवढी कुठेच दिसत नाहीत. मॉनिटरवर निळी, प्रिंटमध्ये अजूनच निळी. ही चूक मॉनिटरच्या रंगाची असेल का? sRGB मोड लावलाय, राखाडी पट्टीत छटा दिसत नाही.

छापखाना_मिरज

पट्टी जर साफ राखाडी असेल तर मॉनिटरवर संशय घेऊ नका. जांभळी-निळी फुलं कॅमेऱ्याला नेहमीच जड जातात. आपल्या डोळ्यातला लाल ओळखणारा भाग जांभळ्या टोकालाही थोडा जागा होतो, कॅमेऱ्याचा लाल फिल्टर तिथे तसाच वागेल असं नाही. त्यामुळे डोळ्याला जांभळं ते कॅमेऱ्याला निळं. रंग मोजणीच्या आधीच गेलेला असतो. मी असतो तर फक्त निळ्या रंगाची छटा थोडी जांभळ्याकडे सरकवली असती, आठवणीवरून.

कराडकर

काका, इथे माझं मत थोडं वेगळं आहे. आठवणीवरून सरकवण्याआधी कॅमेऱ्याचं प्रोफाइल बदलून बघावं. रॉ एडिटरमध्ये एकाच कॅमेऱ्यासाठी दोन-तीन प्रोफाइल असतात आणि निळा-जांभळा त्यांच्यात बराच वेगळा पडतो. माझ्याकडे एका प्रोफाइलने कारवीची फुलं बरीच सुधारली.

छापखाना_मिरज

बघायला हरकत नाही. पण प्रत्येक फुलाला ते जमेल असं मला वाटत नाही. कारवी आणि सीतेची आसवं एकच जांभळा नाही.

माहुलीकर

आणि एक शंका. मी लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडलाय. मित्राच्या यंत्राने दोन्ही मोजून ६५०० के वर आणले, तरी पांढरा दोघांवर वेगळा दिसतो. लॅपटॉपचा जरा गुलाबीसर. यंत्र चुकतंय का?

कराडकर

माझ्याकडेही तसंच आहे. दोन्हींच्या मागचा दिवा वेगळ्या जातीचा असतो. यंत्राला दोन्ही पांढरे सारखे वाटतात, डोळ्याला नाही. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅनेलचा प्रकार निवडायचा असतो, साधा पांढरा एलईडी की जास्त रंग दाखवणारा वाइड गॅमटवाला. तो चुकीचा निवडला असेल तर फरक वाढतो, ते आधी तपासा. तरीही उरलाच, तर मी लॅपटॉपचा पांढरा डोळ्यांनी मुख्य मॉनिटरला जुळवतो आणि मग प्रोफाइल काढतो.

छापखाना_मिरज

मी ते करत नाही. एका पडद्यावर रंग ठरवावा, दुसऱ्यावर नुसत्या टूलबारच्या खिडक्या ठेवाव्यात. दोन पडदे जुळवत बसण्यात रात्र जाते.

कराडकर

व्हिडिओ एडिट करणाऱ्याला दोन्ही लागतात काका, प्रत्येकाची गरज वेगळी.

कासची_वाट ताई, मी पुढच्या रविवारी साताऱ्याला येतोय. तुमची सोय असेल तर कलरीमीटर घेऊन येतो, सॉफ्टवेअर मोफत मिळतं, DisplayCAL. तासाभराचं काम आहे. मॉनिटर मी यायच्या अर्धा तास आधी चालू करून ठेवा, ब्राइटनेस आहे तसाच २४ वर राहू द्या. आणि ती सीतेच्या आसवांची रॉ फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, प्रोफाइल बदलून काय फरक पडतो ते तुमच्याच पडद्यावर बघू.

कासची_वाट

नक्की या दादा, घरी दोघंही असू. माहुलीकर, तुम्ही जवळच आहात, तुमचा लॅपटॉपही घेऊन या.